साम्य अहवालात आपल्याच संस्थेतील जुने काम स्रोत म्हणून दिसते तेव्हा

लक्षणे साधारण अशी असतात. प्रबंध किंवा प्रकल्प अहवाल साम्य तपासणाऱ्या प्रणालीत सादर केल्यावर साम्याची, म्हणजे इतरत्र असलेल्या मजकुराशी जुळणाऱ्या भागाची, टक्केवारी अपेक्षेपेक्षा बरीच जास्त येते. स्रोतांच्या यादीत सर्वांत वर एखादे संकेतस्थळ किंवा नियतकालिक नसून आपल्याच संस्थेचे नाव असते आणि त्याखाली `Student Paper` एवढेच लिहिलेले असते. त्या नोंदीवर क्लिक केले तरी मूळ मजकूर उघडत नाही. कधी जुळणारा मजकूर म्हणून मुखपृष्ठ आणि प्रमाणपत्राचे पान सलग रंगलेले दिसते, कधी संपूर्ण पहिले प्रकरण, तर कधी ठिकठिकाणी तुटक वाक्ये. आणखी एक लक्षण विद्यार्थ्यांना फार गोंधळात टाकते: सादर केले त्या दिवशी 14 टक्के असलेले साम्य अंतिम तारीख उलटल्यावर, एकही शब्द न बदलता, 27 टक्के झालेले असते.

ग्रंथालयात असे अहवाल काढून देण्याचे आणि ते समजावून सांगण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. सत्र संपत आले की हाच प्रश्न घेऊन रोज कोणी ना कोणी टेबलासमोर उभे राहते आणि बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असते, "मी तर कोणाचे काही घेतलेच नाही." बऱ्याच वेळा ते खरे असते. काही वेळा ते अर्धे खरे असते, आणि खरी अडचण त्या अर्ध्या सत्यातच असते.

पुढच्या तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे जाणाऱ्या क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या दोन पाच मिनिटांच्या आहेत आणि विद्यार्थ्याला स्वतः करता येतात. शेवटच्या टप्प्यावर मात्र स्वतः काहीही करू नये, हेच सांगायचे आहे.

आधी साठा कसा भरतो ते पाहू

साम्य तपासणारी प्रणाली सादर झालेला मजकूर तीन प्रकारच्या साठ्यांशी ताडून पाहते: महाजालावरील पाने, प्रकाशित पुस्तके व नियतकालिके, आणि विद्यार्थ्यांनी पूर्वी सादर केलेली कामे. हा तिसरा साठा दर सत्राला आपोआप वाढत जातो. शिक्षकाने असाइनमेंट तयार करताना ‘सादर झालेले काम साठ्यात ठेवावे’ असा पर्याय निवडलेला असेल, तर तेथे आलेली प्रत्येक फाइल पुढील सर्व तपासण्यांसाठी स्रोत बनते. टर्निटिनसारख्या प्रणालीत हा साठा सर्व संस्थांसाठी सामायिक असू शकतो किंवा केवळ एका संस्थेपुरता. काहीही न साठवण्याचा पर्यायही असतो, परंतु तो आठवणीने निवडावा लागतो आणि घाईत तो राहून जातो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, साठ्यात फक्त चांगली, तपासलेली, मंजूर झालेली कामेच असतात असे नाही. कच्चे मसुदे, अर्धवट प्रकरणे, नापास झालेले अहवाल आणि स्वतःच चोरीचा ठपका असलेली कामेही तेथे असतात. दुसरी, प्रणालीला ‘कोणी कोणाकडून घेतले’ हे कळत नाही. कोणता मजकूर साठ्यात आधी आला एवढेच तिला कळते. अहवालात जुने काम स्रोत म्हणून दिसले, याचा अर्थ दोन मजकूर जुळतात इतकाच आहे. नवा मजकूर जुन्यातून आला, दोन्ही एकाच तिसऱ्या ठिकाणाहून आले, की जुनाच आपला होता, हे माणसाला तपासावे लागते.

अंतिम तारखेनंतर आकडा वाढण्याचे कारणही येथेच आहे. काही असाइनमेंटमध्ये अंतिम तारखेपर्यंत पुन्हा पुन्हा सादर करण्याची मुभा असते आणि अंतिम तारीख उलटली की सर्वांचे अहवाल नव्याने तयार होतात. त्या वेळी एकाच वर्गातील कामे एकमेकांशी ताडली जातात. त्यामुळे दोघांनी मिळून लिहिलेला भाग आधी दिसला नाही, तरी तेव्हा दिसतो. हा प्रणालीचा बिघाड नाही.

पहिली तपासणी: हा आपलाच जुना मसुदा तर नाही?

सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा लागू पडणारी तपासणी हीच आहे. अंतिम सादरीकरणापूर्वी एकदा पाहून घ्यावे म्हणून विद्यार्थी तेच काम विभागाच्या दुसऱ्या असाइनमेंटमध्ये, मार्गदर्शकांच्या खात्यातून किंवा मित्राच्या नावाने सादर करतो. ती प्रत साठ्यात जाते आणि दोन महिन्यांनी खरी प्रत तिच्याशी जुळते. त्याच असाइनमेंटमध्ये, त्याच नावाने पुन्हा सादर केले असेल तर सहसा जुनी प्रत बाजूला होते आणि स्वतःशीच जुळणी दाखवली जात नाही. असाइनमेंट किंवा खाते बदलले की मात्र प्रणालीच्या दृष्टीने ते दुसऱ्या कोणाचे काम ठरते.

हे ओळखण्यासाठी ईमेलमधील सर्व जुन्या पावत्या शोधून काढाव्यात. प्रत्येक सादरीकरणानंतर येणाऱ्या पावतीवर तारीख, असाइनमेंटचे नाव आणि सादरीकरण क्रमांक असतो. अहवालातील स्रोताच्या तपशिलात तारीख किंवा क्रमांक दिसत असेल तर तो पावतीशी ताडून पाहावा. तपशील दिसत नसेल तर रंगलेल्या भागाकडे पाहावे. स्वतःच्या मसुद्याशी झालेली जुळणी सलग असते, परिच्छेदामागून परिच्छेद रंगलेले असतात आणि आपल्या टंकलेखनातील चुकाही जशाच्या तशा जुळतात. दुसऱ्याच्या कामाशी झालेली जुळणी सहसा इतकी सलग नसते. माझ्याकडे आलेल्या एका अहवालात ‘प्रतिसादकर्ता’ हा शब्द दोन ठिकाणी ‘प्रतिसादकर्ात’ असा छापलेला होता आणि ती दोन्ही ठिकाणे रंगलेल्या भागात होती. तो मसुदा त्याच विद्यार्थिनीचा होता, हे ठरवायला तेवढे पुरेसे झाले.

ही तपासणी पहिली ठेवण्याचे कारण असे, की हा उलगडा झाल्याशिवाय पुढच्या कोणत्याही आकड्याला अर्थ नसतो. पण उलगडा झाला म्हणजे काम संपले असे समजू नये. ते का, ते पुढच्या उदाहरणात येईल.

दुसरी तपासणी: रंगलेला भाग लिहिलेला आहे की भरलेला?

मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, घोषणापत्र, आभाराच्या ठरावीक ओळी, प्रकरणांची शीर्षके, असाइनमेंटमधील प्रश्न, विभागाने दिलेली प्रश्नावली: हे सर्व प्रत्येक विद्यार्थ्याच्या कामात सारखेच असते, कारण ते कोणी लिहिलेले नसते, फक्त भरलेले असते. लहान अहवालात त्याचे वजन मोठे पडते. 1,500 शब्दांच्या प्रयोग अहवालात 300 शब्दांचा नमुना असेल तर तेवढ्यानेच 20 टक्के होतात. 30,000 शब्दांच्या प्रबंधात तोच नमुना एक टक्का होतो.

संदर्भसूचीचेही असेच असते. एकाच विभागात एकाच विषयावर काम करणाऱ्यांच्या संदर्भसूचीत तीच पुस्तके येणार. `Exclude Bibliography` हा पर्याय चालू असूनही सूची रंगलेली दिसत असेल, तर सूचीचे शीर्षक प्रणालीला ओळखता आलेले नसते. शीर्षक वेगळ्या ओळीवर, साध्या शब्दांत आहे ना ते पाहावे. तक्त्यात मांडलेली सूचीही अनेकदा ओळखली जात नाही.

हा सर्व भाग शिक्षकाला किंवा अहवाल काढणाऱ्याला वगळता येतो. काही प्रणालींमध्ये असाइनमेंटचा कोरा नमुना आधीच चढवून ठेवता येतो आणि मग तो मजकूर मोजलाच जात नाही. विद्यार्थ्याने मात्र हा भाग आपल्या फाइलमधून काढून पुन्हा सादर करू नये. त्यामुळे साठ्यात आणखी एक प्रत वाढते आणि सादर झालेले काम अपूर्ण ठरते, म्हणजे एका समस्येच्या दोन होतात.

एक इशारा लगेच द्यायला हवा. लहान जुळण्या वगळण्याची मर्यादा वाढवत नेऊन आकडा खाली आणता येतो, हे विद्यार्थी लवकर शिकतात. अहवाल वाचणाऱ्याला ती मर्यादा किती ठेवली होती हे दिसते. संस्थेने ठरवलेलीच मर्यादा वापरावी.

तिसरी तपासणी: दोघांचा उगम एकच आहे का?

येथून काम थोडे अवघड होते, आणि माझ्या मते याच टप्प्यावर सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. अहवालात मागच्या तुकडीतील विद्यार्थ्याचे काम स्रोत म्हणून दिसते, पण आपण ते काम कधी पाहिलेलेही नसते. मग वाक्ये जुळली कशी?

बहुतेक वेळा दोघांनीही तिसऱ्याच ठिकाणाहून मजकूर घेतलेला असतो. प्रयोगशाळेतील उपकरणाच्या शेजारी ठेवलेली कार्यपुस्तिका, शिक्षकांनी दिलेली टिपणे, एखाद्या योजनेचे अधिकृत वर्णन, पाठ्यपुस्तकातील व्याख्या. प्रणाली सामान्यतः प्रत्येक रंगलेल्या तुकड्यापुढे सर्वांत जास्त जुळणारा एकच स्रोत दाखवते. सीनियरने तेच पान जसेच्या तसे उतरवले असेल आणि आपणही उतरवले असेल, तर मूळ पानापेक्षा सीनियरचे काम आपल्याशी अधिक जुळते आणि वर तेच दिसते. मूळ स्रोत त्याच्याखाली दडलेला असतो. टर्निटिनच्या जुन्या मांडणीत `Match Overview` ऐवजी `All Sources` निवडले की असे दडलेले स्रोत दिसतात.

तेथेही मूळ सापडले नाही तर साधा उपाय आहे. रंगलेल्या भागातील आठ-दहा शब्दांचा विशिष्ट तुकडा अवतरणचिन्हांत घालून शोधावा. तुकडा निवडताना ‘या अभ्यासाचा उद्देश’ अशी सर्वत्र आढळणारी सुरुवात टाळावी. ज्यात एखादे प्रमाण, उपकरणाचा प्रकार किंवा वेगळी क्रियापदरचना आहे तो तुकडा घ्यावा. मूळ पुस्तिका छापील असेल तर अर्थातच ती कपाटातून काढूनच पाहावी लागते.

ही तपासणी महत्त्वाची अशासाठी, की तिच्यावरच उत्तराची दिशा ठरते. उगम समान असेल तर त्या मूळ पुस्तिकेचा संदर्भ द्यायला हवा, सीनियरच्या कामाचा नव्हे. सीनियरच्या नावाने संदर्भ देऊन मोकळे होणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यामुळे आकडा कमी होत नाही आणि संदर्भही चुकीचा ठरतो. ‘आम्ही दोघांनी एकाच पुस्तिकेतून घेतले’ हे उत्तर सीनियरकडून घेतल्याचा संशय दूर करते, पण पुस्तिकेतून संदर्भ न देता उतरवल्याची चूक तशीच राहते. ती दुरुस्त करावीच लागते.

कार्यपद्धतीच्या प्रकरणाबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. एकाच उपकरणावर एकच चाचणी करणाऱ्यांची वाक्ये काही प्रमाणात सारखी येणारच. ‘नमुना 105 अंश सेल्सिअस तापमानाला 24 तास ओव्हनमध्ये वाळवला’ हे वाक्य किती वेगळ्या प्रकारे लिहिणार? अशी सुटी, लहान वाक्ये जुळली तर जाणकार परीक्षक त्यावर वेळ घालवत नाही. पण सलग दीड पान जुळत असेल, कृतीतील पायऱ्यांचा क्रम तोच असेल, वाक्ये जोडणारे शब्दही तेच असतील, तर ‘पद्धत एकच आहे’ हे कारण पुरेसे नसते. प्रयोग सारखा असला तरी तो करताना आपल्याला आलेली अडचण, आपल्या नमुन्यांची संख्या आणि आपण केलेला बदल सारखे नसतात.

चौथी तपासणी: हे खरोखर जुन्या कामातून आलेले आहे का?

आता स्वतःला प्रामाणिकपणे विचारायचा प्रश्न येतो. मार्गदर्शकांनी ‘असे लिहायचे असते’ म्हणून जुना प्रबंध वाचायला दिला होता का? वसतिगृहातील सीनियरने आपली फाइल पाठवली होती का? त्या फाइलवरच आपले शीर्षक घालून लिहायला सुरुवात केली होती का? शेवटचा प्रकार जितका वाटतो त्याहून फार सर्रास आढळतो. मांडणी तयार मिळते म्हणून जुनी फाइल घेतली जाते, प्रकरणामागून प्रकरण आपल्या मजकुराने बदलले जाते आणि काही परिच्छेद बदलायचे राहून जातात. हेतू चोरीचा नसतो, पण मजकूर दुसऱ्याचाच असतो.

याच्या खुणा ठरलेल्या आहेत. जुळणी तुटक असते. एका वाक्यातील पाच शब्द रंगलेले, दोन कोरे, पुन्हा सहा रंगलेले. म्हणजे वाक्याचा सांगाडा तोच आणि मधले विशेषण बदललेले. संदर्भांचा क्रमही जुळतो. ज्या पुस्तकाचा आपल्या सूचीत पत्ताच नाही त्याचा उल्लेख मजकुरात येतो, किंवा ‘प्रकरण 4 मध्ये दाखवल्याप्रमाणे’ असे लिहिलेले असते आणि आपल्या प्रबंधात ती चर्चा तिसऱ्या प्रकरणात असते. परीक्षक टक्केवारीच्याही आधी हे पाहतो.

उपाय एकच: ती फाइल बंद करून, मूळ संदर्भ समोर ठेवून, तो भाग नव्याने लिहावा. शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालत बसणे व्यर्थ आहे, कारण सांगाडा तोच राहतो आणि वाचणाऱ्याला तो दिसतो. अक्षरांच्या जागी तशीच दिसणारी दुसऱ्या लिपीतील अक्षरे घालणे, पांढऱ्या रंगात शब्द पेरणे किंवा पानांची चित्रे चिकटवणे हे प्रकार तर मुळीच करू नयेत. प्रणाली अशा बदलांवर स्वतंत्र खूण दाखवू शकते आणि मग निष्काळजीपणाचे प्रकरण फसवणुकीचे होते. जुन्या प्रबंधातील एखादा विचार किंवा निष्कर्ष खरोखर उपयोगी असेल, तर त्याचा संदर्भ देऊन तो वापरण्यात काहीच गैर नाही. अप्रकाशित प्रबंधही संदर्भसूचीत देता येतो, ही गोष्ट अनेकांना कोणी सांगितलेलीच नसते.

एक अहवाल, सुरुवातीपासून

वरील क्रम का सांभाळायचा, हे एका प्रबंधावरून स्पष्ट होईल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आकडे सोपे केले आहेत.

प्रबंध 12,000 शब्दांचा आणि साम्य 41 टक्के. पहिला स्रोत आपल्याच संस्थेतील विद्यार्थ्याचे काम, 22 टक्के. दुसरा तसाच, 8 टक्के. तिसराही तसाच, 5 टक्के. उरलेले 6 टक्के महाजालावरील किरकोळ स्रोतांचे. एकूण 4,920 शब्द रंगलेले होते आणि त्यांपैकी 4,200 शब्द संस्थेच्या साठ्याशी जुळत होते. विद्यार्थी रडकुंडीला आला होता आणि मार्गदर्शकांनी त्याला ‘सगळे पुन्हा लिहून आण’ असे सांगितले होते.

पावत्या पाहिल्यावर पहिल्या स्रोताचे कोडे सुटले. दोन महिन्यांपूर्वी त्याने पहिली दोन प्रकरणे विभागाच्या सराव असाइनमेंटमध्ये सादर केली होती आणि तेथे साठवण चालू होती. मार्गदर्शकांनी खात्री करून तो स्रोत वगळला. आता 19 टक्के उरायला हवे होते. उरले 23.

तेथे सगळेच चपापले. वरचा मोठा स्रोत हटल्यावर त्याखाली दडलेले स्रोत वर आले होते. त्या दोन प्रकरणांतील 480 शब्द दोन प्रकाशित लेखांशी जुळत होते. मसुदाही त्याचाच आणि प्रबंधही त्याचाच, म्हणून मसुद्याची जुळणी सर्वांत मोठी दिसत होती आणि लेखांची जुळणी तिच्यामागे लपली होती. आपला मसुदा सापडला म्हणून तेथेच थांबलो असतो, तर प्रबंधातील ही खरी उणीव परीक्षकाच्या हाती लागेपर्यंत कोणालाच कळली नसती. त्यांतील एका लेखाचा संदर्भ सूचीत होता, पण शब्दशः घेतलेल्या ओळींना अवतरणचिन्हे नव्हती. दुसऱ्याचा उल्लेखच नव्हता.

दुसरा स्रोत 960 शब्दांचा होता. त्यातले 430 शब्द प्रमाणपत्र, घोषणापत्र आणि विभागाच्या प्रश्नावलीचे निघाले, ते वगळले गेले. उरलेले 530 शब्द उपकरणाच्या वर्णनाचे होते. ते मागच्या तुकडीतील कोणाचे नव्हते, दोघांनीही प्रयोगशाळेतील पुस्तिकेतून उतरवले होते. विद्यार्थ्याने पुस्तिकेचा संदर्भ दिला, वर्णन सहा ओळींत आणले आणि उरलेल्या जागेत आपण उपकरण कसे जुळवले ते लिहिले. प्रकरण आधीपेक्षा चांगले झाले, हे मार्गदर्शकांनीच सांगितले.

तिसरा स्रोत 600 शब्दांचा आणि तुटक होता. ‘हे काय आहे’ असे विचारल्यावर विद्यार्थी थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "सर, हे मांडणीसाठी घेतलेल्या फाइलमधले आहे." सैद्धांतिक चौकटीचे अडीच पाने भरतील एवढे लेखन त्याने पुन्हा केले आणि त्याला चार दिवस लागले.

एकूण पाहता 4,920 शब्दांपैकी पुन्हा लिहायचे किंवा नीट संदर्भ देऊन मांडायचे शब्द 1,610 निघाले, अधिक महाजालावरील किरकोळ भाग. ‘सगळे पुन्हा लिहून आण’ हा सल्ला जितका चुकीचा होता, तितकेच ‘मी काही घेतले नाही’ हे म्हणणेही.

लेखी खुलासा कसा असावा

अनेक संस्था अहवालासोबत मार्गदर्शकांच्या सहीचा खुलासा मागतात. तो एका पानाचा असावा आणि स्रोतनिहाय असावा. स्रोताचा क्रमांक, अहवालातील पाने, जुळणीचे कारण, त्याचा पुरावा आणि केलेली दुरुस्ती, एवढे प्रत्येकासाठी सांगितले की पुरते. उदाहरणार्थ:

"स्रोत क्रमांक 1 हे माझेच पूर्वीचे सादरीकरण आहे. त्याची पावती सोबत जोडली आहे. स्रोत वगळल्यानंतर दिसलेल्या जुळण्या पाने 14 ते 19 वर असून तेथे अवतरणचिन्हे व संदर्भ दिले आहेत. स्रोत क्रमांक 3 शी जुळणारा पाने 31 ते 33 वरील मजकूर मी पूर्वीच्या प्रबंधातून घेतला होता. तो काढून नव्याने लिहिला आहे."

शेवटचे वाक्य लिहायला जड जाते, हे मला माहीत आहे. पण सादरीकरणाआधी ते लिहिलेले असेल तर ती दुरुस्ती ठरते. तेच नंतर चौकशीत पुढे आले तर कबुली ठरते. ‘योगायोगाने जुळले’ हा शब्दप्रयोग सलग मजकुरासाठी वापरू नये. सहा-सात शब्द योगायोगाने जुळतात, परिच्छेद जुळत नाही.

येथे थांबावे आणि योग्य व्यक्तीकडे जावे

काही परिस्थितीत स्वतः काही करण्याचा प्रयत्न नुकसानच करतो.

साठ्यातील जुनी प्रत कायमची काढून टाकणे विद्यार्थ्याच्या हातात नसते आणि बहुतेक वेळा शिक्षकाच्याही एकट्याच्या हातात नसते. वर्गाच्या यादीतून फाइल काढली तरी ती साठ्यात राहते. कायमची काढण्यासाठी संस्थेच्या प्रणाली प्रशासकाकडे, सादरीकरण क्रमांक देऊन, लेखी विनंती करावी लागते. मसुदा वगळण्यापुरते काम असेल तर सहसा त्याची गरजही पडत नाही, मार्गदर्शकांनी स्रोत वगळला तरी भागते.

जुळणारे जुने काम कोणाचे आहे हे स्वतः शोधत फिरू नये आणि त्या विद्यार्थ्याशी संपर्क साधू नये. जुने काम पाहण्याची परवानगी शिक्षकाला मिळू शकते, विद्यार्थ्याला नाही, आणि त्यामागे त्या जुन्या विद्यार्थ्याच्या खासगीपणाचा विचार आहे. मार्गदर्शकांनाच दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहायला सांगावे.

आपला मजकूर आपणच आधी लिहिला होता आणि तो दुसऱ्याने आपल्या नावाने आधी सादर केला, अशी शंका असेल तर काहीही बदलू नये. फाइलचा बदलांचा इतिहास, ती पाठवल्याचे ईमेल, नोंदवहीतील तारखा, सर्व जसेच्या तसे जपावे आणि थेट विभागप्रमुखांकडे किंवा शैक्षणिक सचोटी समितीकडे जावे. अशा वेळी घाबरून मजकूर नव्याने लिहिणारा विद्यार्थी आपलाच पुरावा पुसतो. गटाने केलेल्या कामातही वाद असेल तर हाच नियम.

आणि समितीची नोटीस आली असेल, तर या लेखातील कोणतीही दुरुस्ती करू नये. ज्या प्रतीबद्दल नोटीस आहे ती प्रत गोठलेली समजावी, पुन्हा सादर करू नये, बाहेरच्या एखाद्या पैसे घेणाऱ्या तपासणी सेवेवर चढवून तर अजिबात पाहू नये, कारण ती फाइल पुढे कोठे साठवली जाईल याची हमी नसते. पावत्या आणि अहवालाची पूर्ण प्रत घेऊन मार्गदर्शकांना भेटावे आणि उत्तर द्यायची मुदत किती आहे ते प्रथम पाहावे.